लाइक चौदाशे, गिऱ्हाईक एक

वाचकाचं पत्र

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. दोन मशिनी, एक कारागीर, आणि काज-हुकाला मंडळी. दिवाळीच्या तोंडावर भाच्याच्या सांगण्यावरून आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवर जाहिरात केली. पाच हजार घातले. लाइक आले चौदाशे, मेसेज आले त्रेसष्ट आणि दुकानाची पायरी चढलं गिऱ्हाईक एक. भाचा म्हणतो, मामा, एवढ्यानं काय होतंय, पंधरा हजार टाका. मंडळी म्हणतात, त्या पैशात अस्तराचे तागे आले असते. मला तर वाटतं, आमच्या गावच्या बायका मोबाइल बघून ब्लाउज टाकणाऱ्या नव्हेत. हे सगळं पुण्या-मुंबईकडच्यांसाठी आहे. तुम्ही काय म्हणता? जाहिरातीचे आकडे आणि मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट जोडलेत.

— एक टेलर

उत्तर

नमस्कार मास्तर,

तुमचं पत्र छापायला उशीर केला, तो मुद्दाम. पत्र आल्यावर आपण फोनवर बोललो, दिवाळीनंतर तुम्ही दुसरी फेरी केलीत आणि तिचा हिशेब जानेवारीत माझ्या हाती आला. तो तुमच्या परवानगीनं इथे मांडते आहे. पार्लर, बेकरी, मोबाइल दुरुस्ती असं दुकान चालवणाऱ्या आणि हाच प्रश्न घेऊन बसलेल्या बऱ्याच जणांची पत्रं माझ्याकडे पडून आहेत. त्यांनाही तुमच्या वहीतून काही मिळेल.

आधी त्या पाच हजारांचं काय झालं ते बघू. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही ५,००० भरलेत, त्यातले जाहिरातीला लागले सुमारे ४,२३७ आणि उरलेले करात गेले. तुमची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे तो कर परत मिळणारा नाही. रक्कम मोठी नाही, पण गिऱ्हाईक केवढ्याला पडलं हे काढताना कर धरूनच काढायचं, नाहीतर वर्षाच्या शेवटी हिशेब गोड दिसतो आणि गल्ला रिकामा.

आता लाइकचं. भाच्यानं रीलखालचं ‘बूस्ट’चं बटण दाबलं आणि ‘कशासाठी?’ असं विचारल्यावर ‘जास्त एंगेजमेंट’ निवडलं. फेसबुक-इन्स्टाग्रामला प्रत्येकाची सवय ठाऊक असते: कोण नुसतं बघून पुढे जातं, कोण दिसेल त्याला लाइक देतं, कोण दुकानदाराला मेसेज करतं. आपण एंगेजमेंट मागितली की ते लाइक देणारी माणसं हुडकून आणतं, कारण तीच सगळ्यांत स्वस्तात मिळतात. तेव्हा तुमची जाहिरात फसली असं मी म्हणणार नाही. सांगितलेलं काम तिनं चोख केलं. सांगितलेलंच काम चुकीचं होतं.

ठिकाणाच्या जागी होतं ‘महाराष्ट्र’. वय १८ ते ६५, स्त्री-पुरुष दोन्ही. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुकच्या जाहिराती जिथून चालवतात त्या पानावर, ‘ब्रेकडाउन’ नावाची सोय असते, तिथे वय आणि लिंगानुसार आकडे फोडून दिसतात. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ते आहेत, पण ते कुणी वाचले नाहीत. तुमच्या ब्लाउजची रील ज्यांना दिसली त्यांत दहापैकी सहा-सात पुरुष होते. पाठीवरच्या कुंदनकामाला लाइक देणारी ती सगळी मंडळी पैठणीवर ब्लाउज शिवायला टाकणार नव्हती, एवढं आपण धरून चालू.

म्हणून तुमचं ते ‘आमच्या गावच्या बायका मोबाइल बघून ब्लाउज टाकणाऱ्या नव्हेत’ हे वाक्य मला पटत नाही. गावच्या बायकांनी जाहिरात नाकारली असं म्हणायला आधी ती त्यांना दिसायला हवी होती. अख्ख्या राज्यात पसरलेल्या चार हजार रुपयांतून तुमच्या तालुक्याच्या वाट्याला किती आले असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तरीही त्रेसष्ट मेसेज आले होते. ते मी एकेक करून वाचले, आणि खरी गंमत तिथे आहे. एकेचाळीस जण लांबचे होते, पार विदर्भापर्यंतचे. उरलेल्या बावीस बाया तुमच्या पंचक्रोशीतल्या, एसटीनं सहज येण्यासारख्या. बाविसांतून एकच आली, याचा दोष मी जाहिरातीला देणार नाही. एक संवाद इथे उतरवते. रात्री पावणेदहाला एका बाईंचा मेसेज: ‘सिल्कच्या साडीवर ब्लाउज पाहिजे, मागे नॉट, आत पॅड. वीस तारखेपर्यंत मिळेल का?’ कापड, फॅशन आणि तारीख तिन्ही सांगणारं गिऱ्हाईक म्हणजे दुकानात पाऊल ठेवलेलंच समजा. तिला उत्तर गेलं दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता, भाच्याकडून: ‘हाय डिअर, ४५० से स्टार्ट.’ पुढे शांतता.

बाविसांतल्या आठ जणींना दिवाळीच्या आधी ब्लाउज हवा होता आणि आठही जणींना ‘दिवाळीनंतर बघू’ असं कळवलं गेलं. साहजिकच होतं, वसुबारसेच्या आधीचे पंधरा दिवस तुमच्याकडे कापडाच्या पिशव्या ठेवायला जागा नसते. मग त्या पंधरा दिवसांत जाहिरात कशाला? शिवाय दिवाळीच्या तोंडावर साड्या, सोनं, टीव्ही, गाड्या विकणारे सगळे मोठे ब्रँड त्याच पडद्यावरच्या जागेसाठी बोली लावत असतात. ही जागा लिलावानंच विकली जाते. म्हणजे तुम्हाला जागा महाग पडली आणि आलेलं काम घेता आलं नाही.

राहिला धीराचा मुद्दा, तो भाच्यासाठी. नऊ-दहा दिवसांत त्यानं जाहिरातीत चारदा बदल केले: फोटो बदलला, वय बदललं, बजेट वाढवलं, मग पुन्हा कमी केलं. जाहिरात नवी असते तेव्हा यंत्रणा चाचपडत असते. थोड्या या बायकांना दाखव, थोड्या त्या, सकाळी दाखव, रात्री दाखव, मेसेज कुठून येतात ते बघ. याला ते ‘लर्निंग फेज’ म्हणतात, आणि अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जाहिरातीच्या नावासमोर तसं लिहिलेलंही दिसतं. एका आठवड्यात साधारण पन्नास वेळा हवी ती गोष्ट, तुमच्या बाबतीत मेसेज, घडली की यंत्रणेचा हात बसतो आणि दर स्थिरावतो, असं त्या कंपनीचंच मार्गदर्शन आहे. मधेच कुणाला दाखवायची ते बदललं, फोटो बदलला, बजेट एकदम वरखाली केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सात दिवस किंवा जास्त बंद ठेवून परत चालू केली तरी तेच. तुमची जाहिरात त्या दहा दिवसांत एकदाही शिकून बाहेर पडली नाही. उसवून पुन्हा टीप घालत राहिलं की कापडच विरतं, हे मी तुम्हाला काय सांगणार.

दुसऱ्या फेरीआधी आपण तासभर बोललो ते जाहिरातीबद्दल नव्हतंच, मालाबद्दल होतं. कुणाला दाखवायचं हा प्रश्न आला की सगळे वय आणि आवडीनिवडी निवडायला धावतात. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की तुमच्या दुकानातली कोणती वस्तू किती लांब जाऊ शकते? ब्लाउज लांब जात नाही. त्याला माप लागतं, काखेत ओढतो का ते बघायला ट्रायल लागते, एखाद्या वेळी टक्स उसवून परत घालावे लागतात. म्हणजे बाई दोन-तीनदा दुकानात यायला हवी. बाजारहाटाला जेवढ्या लांबून बाया तुमच्या गावात येतात तेवढीच ब्लाउजची हद्द. शिवलेली नऊवारी मात्र वेगळी. तिच्याकडे शेवटी येते. या फेरीत फक्त लग्नसराईचे ब्लाउज घ्यायचे ठरलं आणि दुसरं काही त्यात मिसळायचं नाही असंही.

हद्द आखताना तुम्ही जे केलंत ते मला फार आवडलं. भाचा गावाचं नाव टाकत होता. शहराचं नाव टाकून त्याभोवती वर्तुळ आखलं तर ते साधारण सतरा किलोमीटरच्या खाली येत नाही. नकाशावर टाचणी टोचली तर मात्र वर्तुळ एक-दोन किलोमीटरइतकंही लहान करता येतं. तुम्ही मापाची वही काढलीत आणि गेल्या दोन वर्षांतली गिऱ्हाइकं कोणत्या गावची ते लिहून काढलंत. लक्षात आलं की नदीपलीकडची गावं नकाशावर सहा-सात किलोमीटरवर आहेत, पण त्यांचा आठवडेबाजार दुसऱ्या गावी भरतो. तिथून तुमच्याकडे कुणी येत नाही. उलट फाट्याच्या रस्त्यावरची गावं लांब असून तिथल्या बाया सकाळच्या एसटीनं येतात. मग एक मोठं वर्तुळ टाकण्याऐवजी तुम्ही तीन लहान वर्तुळं टाकलीत: एक एसटी स्टँडवर, दोन त्या रस्त्यावर. इतरांनीही आपापल्या उधारीच्या किंवा पावतीच्या वहीतून हे काढावं. गिऱ्हाईक किलोमीटर मोजून येत नाही, रस्ता आणि बाजार बघून येतं.

एक बारीक गोष्ट हायवेजवळच्या दुकानदारांसाठी. ‘या ठिकाणचे लोक’ म्हणजे तिथे राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले, असे दोन्ही धरले जातात. वर्तुळात टोलनाका किंवा मोठं हॉटेल येत असेल तर टाचणी थोडी आत सरकवा.

बायका, वय २१ ते ५०. इथे एक खाच आहे. ‘अ‍ॅडव्हांटेज प्लस ऑडियन्स’ नावाची सोय आपोआप चालू असते. ती चालू असताना तुम्ही निवडलेलं लिंग आणि वरचं वय ही फक्त सूचना मानली जाते. यंत्रणेला वाटलं तर ती बाहेरही जाते. तुमच्यासारख्या, गिऱ्हाईक नक्की कोण हे ठाऊक असलेल्या दुकानानं ती बंद करून साध्या निवडीवर यावं. आवडीनिवडी आपण एकही टाकली नाही. तीन वर्तुळांत मिळून बायकाच पाच आकडी, त्यात ‘लग्न’, ‘फॅशन’ अशा चाळण्या लावल्या तर यंत्रणेला शोधायला माणसंच उरत नाहीत. घरातला फोन आणि खातं नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाचं असलेल्या बाया यातून सुटल्या, हे मान्य. एवढ्या बजेटमध्ये सगळ्यांना धरायला गेलो तर पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं.

चाळणीचं काम आपण जाहिरातीच्या आतच केलं. पुतळ्यावरचा कुंदनवाला ब्लाउज काढला. त्याजागी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ: तुमच्या मंडळींनी पुतणीला घातलेला ब्लाउज, तुम्ही मागून खडूनं खूण करताय, ती हात वर करते आणि काखेत चुणी पडत नाही ते दिसतं. तुमच्याच आवाजात, तुमच्याच बोलीत: अस्तराचा साधा ब्लाउज ४५०, पॅड लावून प्रिन्सेस कट ७५०, माप दिल्यापासून आठ दिवसांत, दुकान एसटी स्टँडसमोर. दर सांगायला तुम्ही कां-कू करत होतात, दर ऐकून बाया पळतील म्हणून. ज्यांना तो दर परवडत नाही त्या मेसेज न करताच गेल्या, आणि तेच हवं होतं. एसटी स्टँड ऐकून लांबच्याही गळल्या. नुसती ‘प्राइस?’ विचारणारी गर्दी या फेरीत जवळजवळ दिसली नाही.

जाहिरातीवर टॅप केलं की सरळ दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. उद्देश मेसेज मिळवणं, लाइक नव्हे; ‘बूस्ट’ बटणाऐवजी अ‍ॅड्स मॅनेजरमधून. रोज २५० रुपये, एकवीस दिवस, म्हणजे ५,२५०, आणि कर धरून ६,१९५. जाहिरात एकच. भाच्याला त्याचे तीन भाग करून तीन फोटो चालवायचे होते, पण २५० चे तीन वाटे केले की एकालाही आठवड्याला पन्नास मेसेज मिळण्याची आशा नाही.

उत्तर द्यायचं काम मंडळींनी घेतलं, आणि या सगळ्या खटाटोपात मला विचाराल तर सगळ्यांत मोठा फरक तिथे पडला. बायकांचे मेसेज येतात ते जेवणं आवरल्यावर, नऊ ते साडेदहा. त्या वेळात मंडळी फोन घेऊन बसायच्या. प्रश्न तीनच: साडी घेतली का, लग्न किंवा कार्यक्रम कधी आहे, आणि कोणत्या गावावरून येणार. मग त्या गावच्या एसटीची वेळ धरून ‘बुधवारी अकराला माप द्यायला येता का?’ दराची चर्चा नाही, तो व्हिडिओत सांगून झालेला. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये रंगीत लेबलं असतात, ती त्यांनी लावली: माप बाकी, साडी घ्यायची आहे, ट्रायल, तयार.

पहिला आठवडा संपला तेव्हा तुमचा फोन आला होता. एकतीस मेसेज, दुकानात दोघी. ‘पुन्हा तेच चाललंय, बंद करू का?’ भाचा शेजारून सांगत होता की फोटो बदलू. मी तुम्हाला लेबलं मोजायला सांगितली. एकतिसांतल्या सतरा जणी ‘साडी घ्यायची आहे’ या लेबलाखाली होत्या. म्हणजे लग्न ठरलंय, बस्ता बांधायचा आहे, आणि घरातल्या मुली-सुना आधीच चौकशी करून ठेवतायत. बस्ता झाल्याशिवाय साडी नाही, साडीशिवाय ब्लाउज नाही. ही बाई आज मेसेज करते आणि तीन-चार आठवड्यांनी पिशवी घेऊन येते. तिला सातव्या दिवशी मोजलं तर ती शून्य दिसणारच.

धीर धरा असं कुणी सांगितलं की विचारावं, किती दिवस आणि कशासाठी. तुमच्या धंद्यात उत्तर बस्त्याच्या तारखांत आहे. बेकरीवाल्याला केकसाठी चार दिवस पुरतील. फर्निचरवाल्याला दोन महिनेही कमी पडतील. चौकशी आणि खरेदी यांच्यात तुमच्या गिऱ्हाइकाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत जाहिरातीचा निकाल लावायचा नाही. अपवाद एकच: मेसेजच येत नसतील, किंवा येतात ते सगळे हद्दीबाहेरचे असतील, तर थांबण्यात अर्थ नाही; तिथे मांडणीच चुकलेली असते आणि ते चार-पाच दिवसांत कळतं.

तुम्ही हात लावला नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मेसेज सत्तेचाळीस, तिसऱ्यात चोपन्न. एकूण एकशे बत्तीस, म्हणजे कर सोडून एक मेसेज सुमारे चाळीस रुपयांना. जाहिरात एकविसाव्या दिवशी थांबली तेव्हा अकराच नव्या बाया येऊन गेल्या होत्या. पण मापाच्या वहीत तुम्ही ‘कुठून कळलं’ असा एक रकाना आखला होता आणि तो भरत राहिलात. पौष लागेपर्यंत त्या रकान्यात ‘मोबाइल’ असं तीस जणींपुढे लिहिलेलं होतं. त्यांतल्या चौघी जुन्या गिऱ्हाइकं; त्या अशाही आल्या असत्या, म्हणून सोडून दिल्या. राहिल्या सव्वीस.

सव्वीस जणींवर ६,१९५ म्हणजे एक नवं गिऱ्हाईक २३८ रुपयांना पडलं. तुमच्या एका ब्लाउजची सरासरी शिलाई ५५०; अस्तर, पॅड, हूक आणि कारागिराची मजुरी वजा जाता हातात राहतात साधारण २४०. म्हणजे पहिला ब्लाउज जाहिरातीतच गेला. पंधरा जणींनी एकच ब्लाउज टाकला. त्यांच्याकडून अजून तुम्हाला काहीच मिळालेलं नाही, फक्त ओळख झाली. उरलेल्या अकरा जणी लग्नघरच्या, नवरी, करवली, आई, आत्या असे मिळून एकोणसाठ ब्लाउज घेऊन आल्या. एकूण चौऱ्याहत्तर नगांवर सुमारे १७,७०० सुटले, त्यातून जाहिरात गेली तर साडेअकरा हजार उरले. लग्नसराई होती, त्यातलं थोडं काम तसंही आलं असतं, हे धरून चला. आषाढात हाच खेळ मांडला तर हे आकडे येणार नाहीत.

या हिशेबातून तुमच्या घरातल्या वादाचं उत्तर मला असं दिसतं. मंडळींचं पहिल्या फेरीपुरतं खरं होतं. अस्तर घेतलं असतं तर निदान कपाटात राहिलं असतं. भाच्याचे पंधरा हजार मात्र आत्ताही नको, आणि कारण पैशाचं नाही. तीन वर्तुळांतल्या बायकांना तुमचा व्हिडिओ या एकवीस दिवसांत सरासरी तीनदा दिसला. पैसे तिप्पट केले तर नव्या बाया उगवणार नाहीत, त्याच बायांना तोच व्हिडिओ आठ-नऊदा दिसेल आणि त्या वैतागून तो लपवतील. हा आकडा अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ‘फ्रीक्वेन्सी’ नावानं दिसतो. तो चढत जातोय आणि मेसेजचा दरही चढतोय असं दिसलं की व्हिडिओ नवा करा किंवा थांबा. दुसरं म्हणजे तुमच्या दोन मशिनींवर दिवसाला सहा-सात ब्लाउज निघतात, त्यातले पाच जुन्या गिऱ्हाइकांचेच असतात. लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज तयार नसला तर ते घर कायमचं तुटतं आणि सोबत भावकी घेऊन जातं. वहीत पुढच्या बारा दिवसांचं काम भरलं की जाहिरात थांबवायची, हा नियम मंडळींच्या हाती द्या. भाच्याला हौस आहे, ती मोडू नका; पुढचा व्हिडिओ त्याला काढू दे. ‘हाय डिअर’ मात्र बंद.

आता त्या लांबच्या एकेचाळीस मेसेजकडे वळू. त्यांत नऊ जणींनी रीलच्या शेवटी एक क्षण दिसणाऱ्या शिवलेल्या नऊवारीबद्दल विचारलं होतं, आणि तुम्ही मला परवा विचारलंत ते तिच्याबद्दलच. नऊवारी लांब जाऊ शकते. कंबर, सीट आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची एवढ्यावर ती बसते, कंबरेला नाडी असल्यानं इंच-दोन इंच इकडेतिकडे चालतं. तिची जाहिरात पुण्या-मुंबईच्या बायकांना वेगळी करायची, गुढीपाडव्याच्या किंवा मंगळागौरीच्या महिनाभर आधी, आणि ब्लाउजच्या जाहिरातीत ती दाखवायची नाही. पहिल्यांदा फक्त तुमच्याकडून घेतलेल्या साडीची नऊवारी विका, म्हणजे गिऱ्हाइकाचं कापड कुरिअरनं मागवावं लागणार नाही. कुणी आईची पैठणी पाठवते म्हणाली तर घेण्याआधी दोन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या आणि तिच्याकडून ‘हो’ लिहून घ्या: साडी येताना किंवा जाताना हरवली तर भरपाई कुणाची, आणि एकदा कात्री लागलेली साडी परत सहा किंवा नऊ वार अखंड होत नाही. माप घ्यायचा व्हिडिओ मंडळींकडून करून घ्या. टेप नाभीवर धरायची की त्याखाली, यावरूनच नऊवाऱ्या परत येऊ शकतात.